‘पासून’ म्हणजे नेमके कोणत्या दिवसापासून? – एका गोपनीयता कराराचे जपानीत जाणे

गोपनीयतेचा करार मुळात दोनच प्रश्नांची उत्तरे देतो. काय सांगायचे नाही, आणि कधीपर्यंत सांगायचे नाही. बाकीची कलमे, म्हणजे नुकसानभरपाई, न्यायालय कुठले, नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची, ही महत्त्वाची असली तरी ती या दोन उत्तरांभोवती उभारलेली तटबंदी असते. म्हणून असा करार इंग्रजीतून जपानीत नेताना भाषांतरकाराची खरी परीक्षाही दोनच ठिकाणी होते. गोपनीय माहितीचे कुंपण मूळ मजकुरात जिथे आहे तिथेच जपानीत पडले पाहिजे. एक हातही पुढे नको, एक हातही मागे नको. आणि मुदत ज्या दिवशी सुरू होते व ज्या दिवशी संपते, तेच दोन दिवस जपानी वाचणाऱ्यालाही मिळाले पाहिजेत.

मी गेली अनेक वर्षे अशा कागदांमध्ये वावरतो. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांमुळे त्या भाषेला इथे कामही भरपूर मिळते. मी स्वतः कुठल्या विद्यापीठात कायदा किंवा जपानी शिकलेलो नाही. दोन्ही गोष्टी हाती आलेल्या कागदांनीच शिकवल्या. त्यातून माझ्या वहीत जी टिपणे साठली, त्यांपैकी व्याप्ती आणि मुदत या दोनच विषयांची टिपणे इथे मांडतो. साहित्याच्या वाचकाला हा विषय रुक्ष वाटण्याची शक्यता आहे. पण एका प्रत्ययाने, एका ‘नो’ने किंवा ‘पासून’ने, अर्थाची हद्द कशी सरकते हे पाहायचे असेल तर कवितेनंतर करारासारखी दुसरी जागा नाही.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक नमुना समोर ठेवू. तो कुठल्या एका कंपनीचा नाही. अशा अनेक करारांवरून मी तो घडवला आहे. एक भारतीय कारखाना वाहनांचे सुटे भाग बनवतो. एका जपानी कंपनीला तो आपले आराखडे आणि नमुने दाखवणार आहे. मूळ करार इंग्रजीत आहे आणि त्यातली दोन वाक्ये मराठीत आणली तर अशी होतात :

‘गोपनीय माहिती म्हणजे आराखडे, नमुने, किंमतपत्रके आणि इतर तांत्रिक वा व्यापारी माहिती, लेखी, अथवा तोंडी वा प्रात्यक्षिकाने दिलेली आणि गोपनीय असे चिन्ह केलेली.’

‘हा करार १६ जून २०२५ या अंमलदिनी सुरू होऊन तीन वर्षे चालू राहील, आणि करार संपल्यानंतर पाच वर्षे गोपनीयतेची बंधने टिकतील.’

मराठीतही ही वाक्ये निरुपद्रवी वाटतात. आता ती जपानीत उतरवू.

नाव ठेवण्यातच अर्धी हद्द

पहिला शब्द ‘गोपनीय माहिती’. जपानीत त्याला ‘हिमित्सु जोहो’ असा सरळ प्रतिशब्द आहे. हिमित्सु म्हणजे गुपित, जोहो म्हणजे माहिती. पण शब्दकोश उघडणाऱ्याला शेजारीच आणखी एक भारदस्त शब्द दिसतो : ‘एइग्यो हिमित्सु’, म्हणजे व्यापारी गुपित. करार व्यापाऱ्यांचा आहे, तेव्हा हाच शब्द अधिक शोभेल असे वाटून तो निवडला जातो. आणि तिथेच कुंपण मागे सरकते.

कारण ‘एइग्यो हिमित्सु’ हा नुसता शब्द नाही, ती कायद्यातली व्याख्या आहे. जपानच्या १९९३च्या अनुचित स्पर्धा प्रतिबंधक कायद्याच्या दुसऱ्या कलमात ती दिली आहे, आणि तिला तीन अटी आहेत. माहिती गुपित म्हणून सांभाळलेली असली पाहिजे; ती धंद्याला उपयोगी असली पाहिजे; आणि ती लोकांना माहीत नसली पाहिजे. तिन्ही अटी एकत्र पुऱ्या झाल्या तरच ती एइग्यो हिमित्सु. आता आपल्या नमुन्यातले किंमतपत्रक घ्या. ते कारखान्यात कुलपात ठेवलेले नव्हते, दहाजणांच्या टेबलावर पडलेले होते, असे समजा. इंग्रजी करारानुसार त्यावर चिन्ह असेल तर ते गोपनीयच आहे. घरी कसे सांभाळले याची चौकशी तो करार करत नाही. पण जपानी प्रतीत ‘एइग्यो हिमित्सु’ लिहिले असेल तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारील, आणि त्या प्रश्नाला प्रतीत आधार असेल.

याच्या उलट बाजूनेही काळजी घ्यावी लागते. काही करारांत शेवटी एक वाक्य येते : जी माहिती ट्रेड सीक्रेट असेल, तिच्यावरचे बंधन ती तशी राहील तोवर टिकेल. इथे मूळ करारच ट्रेड सीक्रेट म्हणतो आहे, तेव्हा ‘एइग्यो हिमित्सु’ लिहायला हरकत नाही असे वाटते. पण करारावर भारतीय कायदा लागू असेल तर जपानी कायद्यातल्या तीन अटी त्याला का चिकटवायच्या? भारतात तर ट्रेड सीक्रेटची व्याख्या करणारा स्वतंत्र कायदाच नाही. न्यायालये करार आणि विश्वासभंगाची तत्त्वे लावतात. अशा वेळी मी काताकाना लिपीत ‘तोरेडो शिकुरेत्तो’ असा इंग्रजी उच्चारच ठेवतो, आणि ‘या कराराला लागू असलेल्या कायद्यानुसार’ हे मूळचे शब्द असतील तर तेही जसेच्या तसे आणतो. काताकाना म्हणजे परकीय शब्दांसाठी जपान्यांनी राखून ठेवलेली लिपी. तिच्यात लिहिलेला शब्द वाचकाला सांगतो की याचा अर्थ आपल्या कायद्यात शोधू नका, करारात शोधा.

हीच काताकाना दुसऱ्या जागी मात्र घात करते. गोपनीयतेतून वगळलेल्या गोष्टींमध्ये ‘पब्लिक डोमेन’मधली माहिती असते, म्हणजे जी आधीच सर्वांना ठाऊक आहे. ती ‘पाबुरिक्कु दोमेइन’ अशी उच्चारानुसार लिहिली तर जपानी वाचकाच्या मनात हक्कमुक्त पुस्तके आणि चित्रे येतात, कारण तिथे हा शब्द स्वामित्वहक्क संपलेल्या कृतींसाठी रुळला आहे. करारात हवा असलेला शब्द ‘कोची’ आहे : लोकांना ज्ञात. एखादे पेटंट प्रसिद्ध झाले की त्यातली माहिती कोची होते, पण तिच्यावरचा हक्क संपलेला नसतो. हा फरक वगळण्याच्या कलमात चुकला तर व्याप्ती उलट्या बाजूने बदलते. जे वगळले जायला हवे ते आतच राहते.

एक ‘नो’ आणि त्याची किंमत

आता यादीकडे येऊ. ‘आराखडे, नमुने, किंमतपत्रके आणि इतर तांत्रिक वा व्यापारी माहिती.’ यातल्या ‘आणि इतर’ला जपानी कायद्याच्या भाषेत दोन रूपे आहेत : ‘सोनोता’ आणि ‘सोनोता नो’. बोलीत दोन्ही जवळजवळ सारखीच चालतात. कायदे लिहिणाऱ्यांनी मात्र त्यांची कामे वाटून दिली आहेत. ‘क, ख सोनोता ग’ म्हणजे क आहे, ख आहे, आणि त्यांखेरीज ग आहे. तिघे शेजारी उभे आहेत. ‘क, ख सोनोता नो ग’ म्हणजे मुख्य गोष्ट ग आहे. क आणि ख ही तिच्या पोटातली उदाहरणे आहेत.

मराठीत याची जाण करून घ्यायची तर ‘नारळ, सुपारी आणि इतर फळे’ हे शब्द घ्या. सुपारी फळ आहे की नाही यावर कुणी वाद घातला, तर या वाक्याने तो मिटला आहे की नाही? ‘इतर’ या शब्दाने आपण सुपारीला फळांत बसवले, असे एक जण म्हणेल. ‘नारळ-सुपारी आणि शिवाय फळे’ असा अर्थ दुसरा काढील. मराठी ‘इतर’ दोघांनाही थोडी थोडी जागा देतो. जपानी कायदेभाषा ती देत नाही.

आपल्या करारात सुपारीच्या जागी नमुना आहे. धातूचा एक तुकडा, घडवलेला. तो ‘माहिती’ आहे का? ‘सोनोता नो’ लिहिले तर नमुना हा तांत्रिक वा व्यापारी माहितीचाच एक प्रकार ठरतो, आणि तसा असेल तेवढ्यापुरताच तो संरक्षित राहतो. ‘सोनोता’ लिहिले तर नमुना स्वतःच्या पायावर यादीत उभा राहतो. तो माहिती आहे का हा प्रश्नच उरत नाही. इंग्रजीतले ‘अदर’ आधीच्या गोष्टींना पुढच्या वर्गात धरते, म्हणून इथे समतुल्य रूप ‘सोनोता नो’ हेच आहे. पण मूळ मजकुरात ‘आराखडे, नमुने, किंमतपत्रके, तसेच तांत्रिक वा व्यापारी माहिती’ असे असते आणि ‘अदर’ नसते, तर ‘नो’ गाळावा लागला असता. म्हणजे एका अक्षराचा निर्णय इंग्रजीतल्या एका शब्दाच्या असण्या-नसण्यावर घ्यायचा आहे, कानाला काय बरे वाटते यावर नाही.

‘किंवा’ची गोष्टही अशीच आहे. मूळ वाक्यात ‘लेखी, अथवा तोंडी वा प्रात्यक्षिकाने’ असे आहे. मराठीत मी मुद्दाम ‘अथवा’ आणि ‘वा’ असे दोन शब्द वापरले, पण आपल्याकडे त्यांच्यात उच्चनीच नाही. कुणीही ते अदलाबदलीने वापरतो. इंग्रजीत दोन्ही जागी ‘ऑर’च असते, आणि स्वल्पविराम कुठे पडला यावरून अर्थ लावायचा. जपानी कायदेभाषेत मोठ्या फांदीला ‘मातावा’ आणि त्या फांदीवरच्या लहान फांद्यांना ‘मोशिकुवा’. तेव्हा ‘लेखी मातावा तोंडी मोशिकुवा प्रात्यक्षिकाने’ असे लिहिले की एका बाजूला लेखी माहिती आणि दुसऱ्या बाजूला तोंडी-प्रात्यक्षिकाची जोडी, हे वाचकाला दिसते.

हे एवढे महत्त्वाचे का? कारण पुढच्या कलमात सहसा अट असते की दुसऱ्या बाजूची माहिती दिल्यापासून तीस दिवसांच्या आत लिहून कळवली तरच ती गोपनीय धरली जाईल. लेखी माहितीला ही अट नसते. दोन्ही जागी ‘मातावा’ टाकले तर तीन गोष्टी एका ओळीत येतात, आणि अट कोणत्या जोडीला लागते हे सांगणारी खूण नाहीशी होते. शब्दांची जागा चुकून उलटी झाली तर लेखी आणि तोंडी यांची जोडी जमते आणि प्रात्यक्षिक एकटे पडते. मग यंत्र चालवून दाखवलेली गोष्ट कुठलीही नोंद न करता गोपनीय, आणि हातात दिलेला आराखडा मात्र नोंदीविना उघडा, असा अर्थ निघू शकतो.

शेपटीचे विशेषण डोक्यावर

यादीच्या शेवटी ‘गोपनीय असे चिन्ह केलेली’ आहे. ते चिन्ह कशावर हवे? फक्त ‘इतर माहिती’वर, की आराखड्यांवर आणि नमुन्यांवरही? इंग्रजी वाक्यात हे विशेषण शेपटीसारखे मागे लोंबते आणि दोन्ही अर्थ देते. मराठीत आपल्याला ‘जी… ती’ची सोय आहे; तिने विशेषण मागे ठेवता येते. जपानीत ‘जो-तो’ नाही. विशेषण नामाच्या आधीच यायला हवे. म्हणजे ‘चिन्ह केलेले आराखडे, नमुने, किंमतपत्रके…’ असे लिहावे लागते, आणि मग प्रश्न उलटा होतो : हे चिन्ह फक्त आराखड्यांवर की सगळ्यांवर?

यासाठी कायदेभाषेने एक साचा तयार ठेवला आहे : ‘…दे आत्ते, …मोनो’. शब्दशः ‘अमुक असून, तमुक असे जे ते’. आधी संपूर्ण यादी सांगायची, मग ‘दे आत्ते’ म्हणून थांबायचे, मग अट सांगायची, आणि ‘मोनो’ या शब्दाने सगळी मोट बांधायची. अट साऱ्या यादीला लागते, संशय उरत नाही. या ‘मोनो’चे लेखनही पाहावे लागते. व्यक्तीसाठी एक चित्रलिपीचिन्ह, हाताने धरता येणाऱ्या वस्तूसाठी दुसरे, आणि या दोन्हींत न बसणाऱ्या गोष्टीसाठी साधी हिरागाना अक्षरे. इथे माहिती आहे, म्हणून हिरागाना. वस्तूचे चिन्ह टाकले तर फक्त धातूचा तुकडा आत राहील आणि तोंडी सांगितलेले बाहेर पडेल, असे म्हणायला वाव मिळतो.

पण साचा निवडण्याआधी एक पायरी आहे, आणि भाषांतरकाराची सचोटी तिथेच कळते. इंग्रजी वाक्य दोन अर्थांचे आहे. जपानी वाक्य तसे ठेवता येत नाही. अशा वेळी भाषांतरकाराने मनाने एक अर्थ निवडणे म्हणजे दोन पक्षांच्या वतीने तिसऱ्याने करार करणे. मी अशा जागांची वेगळी यादी करून काम देणाऱ्याकडे लेखी पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत ती जागा रिकामी ठेवतो. अशा प्रश्नाला बहुतेकदा उत्तर येते, की चिन्ह सगळ्यावर हवे. आणि मग कारखान्यातल्या कुणाच्या तरी लक्षात येते की नमुन्यावर चिन्ह करायचे तर त्याला चिठ्ठी बांधावी लागेल. तशी ओळ मग इंग्रजीतही घातली जाते.

मुदत : एक दिवस कमी, एक दिवस जास्त

आता दुसरा प्रश्न : कधीपर्यंत. मूळ वाक्य म्हणते, करार १६ जून २०२५ या अंमलदिनी सुरू होऊन तीन वर्षे चालेल. जपानीत सर्वात सहज रूप ‘१६ जून २०२५ कारा तीन वर्षे’. ‘कारा’ म्हणजे ‘पासून’. मराठी माणूस ‘सोमवारपासून सुट्टी’ म्हणतो तेव्हा सोमवार धरलेला असतो. बोलीतल्या जपानीतही तसेच वाटते. पण जपानच्या १८९६च्या नागरी संहितेचे १४०वे कलम सांगते की दिवस, आठवडे, महिने वा वर्षांत मोजलेल्या मुदतीत पहिला दिवस धरायचा नाही. मुदत मध्यरात्रीच्या ठोक्यालाच सुरू होत असेल तर अपवाद. १४१वे कलम म्हणते, मुदत शेवटच्या दिवसाच्या अखेरीस संपते. १४३वे कलम वर्षे पंचांगाप्रमाणे मोजायला सांगते, म्हणजे मोजणीच्या पहिल्या दिवसाशी जुळणाऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी मुदत पुरी होते. करारात वेगळे काही ठरवले असेल तर ते चालते. नसेल तर हा नियम लागतो.

हिशेब मांडू. नुसते ‘कारा’ लिहिले तर मोजणी १७ जून २०२५ला सुरू होते आणि करार १६ जून २०२८च्या अखेरीस संपतो. पण मूळ इंग्रजीत ‘फ्रॉम’ नाही, ‘त्या दिवशी सुरू होऊन’ आहे, म्हणजे १६ जून आत धरलेला आहे. तेव्हा करार १५ जून २०२८च्या अखेरीस संपला पाहिजे. हे सांगायला जपानीत ‘कारा किसान शिते’ असे रूप आहे. ‘तो दिवस मोजणीचा आरंभ धरून’. यातल्या ‘किसान’चा शेतकऱ्याशी काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला तो उपयोगी पडतो. मूळ मजकुरात नुसते ‘फ्रॉम’ असते तर उलट ‘कारा’च पुरेसे होते. आपल्याकडेही १८९७च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या नवव्या कलमात कायद्यांपुरता हाच नियम आहे, की ‘फ्रॉम’ म्हटले की पहिला दिवस सुटतो.

एका दिवसाने काय होते? १६ जून २०२८ शुक्रवार आहे. त्या दिवशी दोन्ही पक्षांची बैठक झाली आणि नवा आराखडा दाखवला गेला, तर जपानी प्रतीप्रमाणे करार जिवंत आहे, इंग्रजी प्रतीप्रमाणे तो आदल्या रात्री संपला. आराखडा एका भाषेत गोपनीय, दुसऱ्या भाषेत मोकळा.

एका दिवसापेक्षा मोठी दरी मात्र ‘अंमलदिन’ या शब्दात आहे. जपानी करारांच्या साच्यांत ‘तेइकेत्सुबी’ हा शब्द हमखास असतो : करार पक्का झाल्याचा दिवस. हाताला सवय असल्यामुळे अंमलदिनाच्या जागी तोच पडतो. पण एका बाजूची सही पुण्यात, दुसऱ्या बाजूचा शिक्का जपानात. कागद फिरून शेवटचा शिक्का २ जुलैला बसला, असे धरा. इंग्रजी करार म्हणतो, अंमल १६ जूनपासून, कारण पहिले आराखडे १८ जूनला पाठवायचे ठरलेच होते. जपानी प्रत म्हणते, पक्का झाल्याच्या दिवसापासून. म्हणजे १८ जूनचे आराखडे जपानी प्रतीत उघड्यावर. अंमलदिनासाठी ‘हाक्कोबी’ हा शब्द आहे, आणि त्याच्यापुढे तारीख लिहून टाकणे सर्वात निर्धोक. ती तारीख जपानी राजशकात लिहायची असेल तर २०२५ म्हणजे रेइवा ७. वर्ष बदलताना करारातली प्रत्येक तारीख पुन्हा मोजून पाहावी.

राहिली पाच वर्षांची शेपटी : ‘करार संपल्यानंतर पाच वर्षे’. इथे ‘संपणे’ला जपानीत किमान तीन शब्द पुढे येतात. ‘मानर्यो’ म्हणजे मुदत भरून संपणे. ‘काइजो’ म्हणजे एका पक्षाने, बहुधा दुसऱ्याच्या कसुरीमुळे, करार मोडणे. ‘शूर्यो’ म्हणजे कुठल्याही कारणाने शेवट होणे. मुदतीच्या कलमात शब्द ठेवायचा म्हणून ‘मानर्यो’ लिहिला जातो, कारण तो मुदतीचाच शब्द आहे. मग असे होते की करार तीन वर्षे पुरा चालला तर पुढची पाच वर्षे बंधन आहे, पण दहाव्या महिन्यात भांडण होऊन मोडला तर पुढे काय, याला उत्तर नाही. आणि गुपिते फुटण्याचा धोका भांडणानंतरच अधिक असतो. मूळ मजकूर ‘मुदत भरून वा अन्य कारणाने’ म्हणत असेल तर ‘शूर्यो’ हाच शब्द. मूळ मजकूर केवळ मुदत भरण्याबद्दल बोलत असेल तर ‘मानर्यो’च, आणि ती पोकळी मुद्दाम ठेवली आहे का, हा प्रश्न यादीत.

आपल्या नमुन्यात करार १५ जून २०२८च्या अखेरीस संपला तर पाच वर्षे मध्यरात्रीच्या ठोक्याला सुरू होतात. म्हणून १४०व्या कलमाचा अपवाद लागतो, १६ जून २०२८ धरला जातो, आणि बंधन १५ जून २०३३च्या अखेरीपर्यंत टिकते. सुरुवातीला नुसते ‘कारा’ असते तर हीच तारीख १६ जून २०३३ झाली असती. पहिला चुकलेला दिवस शेपटीपर्यंत बरोबर येतो.

पडताळणी : वाक्ये नव्हे, दिवस आणि वस्तू

असे भाषांतर तपासायची रूढ रीत म्हणजे उलट भाषांतर. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून जपानी प्रत पुन्हा इंग्रजीत करून घ्यायची आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या. मोठे घोटाळे, सुटलेली ओळ, उलटा नकार, हे तिच्यात सापडते. पण आपण वर पाहिलेल्या जागा तिच्यातून निसटतात, कारण ‘सोनोता’ आणि ‘सोनोता नो’ दोन्हींचे उलट भाषांतर ‘आणि इतर’ असेच येते. ‘कारा’ आणि ‘कारा किसान शिते’ दोन्ही ‘फ्रॉम’ होतात. ‘मातावा’ आणि ‘मोशिकुवा’ दोन्ही ‘ऑर’. दोन्ही इंग्रजी मजकूर तंतोतंत जुळतात आणि आपण निर्धास्त होतो. खरे तर फरक ज्या भाषेत आहे, तिच्यातून आपण बाहेर पडलेलो असतो.

म्हणून मी दुसरी रीत धरतो. जपानी कायदेभाषा जाणणाऱ्या व्यक्तीला फक्त जपानी प्रत देतो आणि वाक्ये भाषांतरित करायला न सांगता प्रश्न विचारतो. उत्तर ‘आत’ किंवा ‘बाहेर’ एवढेच. चिठ्ठी नसलेला नमुना? चिन्ह असलेले पण टेबलावर उघडे पडलेले किंमतपत्रक? चालवून दाखवलेले यंत्र, ज्याची नोंद एकतिसाव्या दिवशी पाठवली? १८ जून २०२५ला, शिक्का बसण्याआधी, पाठवलेला आराखडा? १६ जून २०२८च्या बैठकीत दाखवलेला? करार दहाव्या महिन्यात मोडला, तर त्यानंतर एका वर्षाने केलेला गौप्यस्फोट? तेच प्रश्न इंग्रजी प्रत वाचणाऱ्या वकिलालाही देतो. दोघांची उत्तरे ओळीने जुळली की व्याप्ती आणि मुदत समतुल्य झाली असे म्हणता येते. एकही उत्तर ‘सांगता येत नाही’ आले, तर तिथे शब्द दुरुस्त करायचा किंवा मूळ करारच.

एक सोपा उपाय या सगळ्याच्या आधी सुचवण्यासारखा असतो. दोन्ही प्रतींत शेवटची तारीख अंकांत लिहा : करार १५ जून २०२८पर्यंत, तो दिवस धरून. मग ‘कारा’चा प्रश्नच मिटतो. पण हे सुचवणे भाषांतरकाराच्या हातात आहे, लिहिणे नाही. मूळ प्रतीत नसलेली तारीख जपानी प्रतीत आली तर तीही असमानताच.

शेवटी, इंग्रजी प्रत प्रमाण आणि जपानी प्रत केवळ माहितीसाठी, असे कलम अनेक करारांत असते. मग एवढी कसरत कशाला, असे कुणी विचारील. त्या कलमाचा उपयोग न्यायालयात होतो. पण तिकडच्या कारखान्यात ज्या अभियंत्याच्या टेबलावर आपला आराखडा जातो, तो इंग्रजी प्रत उघडत नाही. शेजारच्या सहकाऱ्याला तो आराखडा दाखवायचा की कपाटात ठेवायचा, हे तो जपानी ओळ वाचून ठरवतो. न्यायालयात जायची वेळ आली तेव्हा इंग्रजी प्रत बरोबर होती हे सिद्ध होईल. पण गुपित तोवर फुटलेले असेल, आणि फुटलेले गुपित परत बंद करण्याची तरतूद कुठल्याच भाषेतल्या करारात नसते.